कार्य-कार्ड ५३-०७: धडाच्या खालच्या पत्र्यावरील निचरा-नळीचा ब्रॅकेट पुन्हा बसवणे (मराठी वाचनप्रत)

ही प्रत हँगरमधील तंत्रज्ञांना व प्रशिक्षणार्थींना काम सुरू करण्यापूर्वी वाचण्यासाठी तयार केली आहे. कामाची नोंद, स्वाक्षरी आणि शिक्का मूळ इंग्रजी कार्डावरच करायचा आहे. या प्रतीत आणि मूळ कार्डात कोणताही फरक आढळल्यास काम तिथेच थांबवून नियोजन विभागाला कळवलेच पाहिजे.

वाचताना तीन क्रियारूपांतला फरक कायम लक्षात ठेवावा. 'केलेच पाहिजे' म्हणजे सक्ती, 'करावे' म्हणजे शिफारस, आणि 'करता येईल' म्हणजे मुभा. मूळ कार्डात जिथे सक्ती आहे तिथे मराठीत वाक्य मऊ वाटावे म्हणून एकदाही 'करावे' लिहिलेले नाही. 'इशारा' माणसाला होणाऱ्या इजेबद्दल असतो आणि 'सावधानता' विमानाच्या किंवा सामग्रीच्या नुकसानीबद्दल असते. 'आवळणे' आणि 'टॉर्क देणे' या दोन वेगळ्या क्रिया आहेत: आवळणे साध्या पान्याने होते, टॉर्क मात्र मुदतीत कॅलिब्रेट केलेल्या टॉर्क रेंचनेच द्यायचा असतो. टॉर्कची मूल्ये मूळ कार्डात इंच-पाउंड आणि न्यूटन-मीटर अशा दोन्ही एककांत दिलेली आहेत व ती तशीच उतरवली आहेत. अनुवाद करताना कोणताही आकडा रूपांतरित किंवा पूर्णांकित केलेला नाही. रेंचवरचे एकक वाचूनच आकडा लावावा, कारण इंच-पाउंडाच्या जागी फूट-पाउंड धरल्यास बोल्टवर बारा पट टॉर्क येतो.

पायरी १. ब्रॅकेटची व पत्र्याची बसणारी पृष्ठे प्लास्टिकच्या खरवडणीने जुन्या सीलंटपासून मोकळी केलीच पाहिजेत. धातूची खरवडणी वापरू नये. गंज, ओरखडा किंवा प्रायमर निघालेली जागा दिसल्यास पुढे न जाता पर्यवेक्षकाला दाखवलेच पाहिजे.

पायरी २. इशारा: एमईके हा द्रव ज्वलनशील असून त्याची वाफ श्वासाला व डोळ्यांना घातक आहे, हातमोजे व चष्मा घातलाच पाहिजे आणि हवा खेळती ठेवलीच पाहिजे. पृष्ठ एमईकेने ओल्या केलेल्या स्वच्छ कापडाने पुसून, तो द्रव उडून जाण्याआधीच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घेतलेच पाहिजे. द्रव आपोआप उडू दिला, तर त्यात विरघळलेली चिकट घाण पुन्हा पृष्ठावरच बसते आणि सीलंट पत्र्याऐवजी त्या घाणीला धरतो. कापडावर डाग येणे थांबेपर्यंत ही क्रिया नव्या कापडाने पुन्हा केलीच पाहिजे.

पायरी ३. चार बोल्ट (१/४-२८) व चार नव्या स्वयंबंधक नट घ्याव्यात. प्रत्येक नट सीलंट लावण्याआधी कोरड्या बोल्टवर, बोल्टचा किमान एक पूर्ण आटा बाहेर येईपर्यंत चढवून, ती फिरताना लागणारा स्वबंधन टॉर्क मोजून मूळ कार्डाच्या रकान्यात लिहिलाच पाहिजे. तो ३.५ इंच-पाउंडापेक्षा कमी असल्यास ती नट बाद आहे.

पायरी ४. एएमएस-एस-८८०२, वर्ग बी-२ हा सीलंट कार्ट्रिजमध्ये, पांढऱ्या किंवा गडद रेघा उरणार नाहीत इतका एकजीव मिसळलाच पाहिजे. मिसळायला सुरुवात केल्याची वेळ, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख नोंदवलीच पाहिजे. २५ अंश सेल्सियस व ५० टक्के आर्द्रतेला लावण्याची मुदत २ तास आहे. हँगरचे तापमान प्रत्येक १० अंशांनी वाढले की ही मुदत निम्मी धरली पाहिजे: ३५ अंशांना १ तास, ४५ अंशांना ३० मिनिटे. नागपूरच्या मे महिन्यात हे काम दुपारी हाती घेणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे, अशी अनुवादकाची विनंती आहे.

पायरी ५. ब्रॅकेटच्या बसणाऱ्या पृष्ठावर सीलंटचा सलग थर द्यावा, बोल्टच्या डोक्याखाली व दांड्यावर सीलंट लावावा आणि ब्रॅकेट जागेवर बसवावा. सावधानता: आट्यांवर सीलंट येऊ देऊ नये; ओल्या आट्यांवर घर्षण बदलते आणि तोच टॉर्क बोल्टला वेगळ्या ताणाने ओढतो.

पायरी ६. चारही नट प्रथम तिरक्या क्रमाने हाताने आवळाव्यात. त्यानंतर, लावण्याची मुदत संपण्याआधी, त्याच तिरक्या क्रमाने, बोल्टचे डोके स्थिर धरून, नटच्या बाजूनेच ५० ते ७० इंच-पाउंड (५.६५ ते ७.९१ न्यूटन-मीटर) टॉर्क दिलाच पाहिजे. या मूल्यात पायरी ३ मध्ये मोजलेला स्वबंधन टॉर्क मिळवलाच पाहिजे. उदाहरणार्थ, तो ८ इंच-पाउंड असेल तर रेंचवर ५८ ते ७८ इंच-पाउंड दिसले पाहिजे. रेंचच्या रेषेत लांबी वाढवणारा जोड वापरल्यास रेंचवरचे वाचन पुढील सूत्राने काढलेच पाहिजे:

```
Tw = Ta × L / (L + E)
```

यात Ta हा नटवर हवा असलेला टॉर्क, L ही रेंचची लांबी आणि E ही जोडाची लांबी आहे. जोड रेंचशी ९० अंशांत असल्यास सूत्र लावू नये.

पायरी ७. ब्रॅकेटच्या चारही कडांमधून सीलंटची सलग रेघ बाहेर आलेली दिसलीच पाहिजे. कुठे खंड असल्यास ब्रॅकेट काढून पायरी २ पासून पुन्हा सुरुवात केलीच पाहिजे. बाहेरून सीलंट भरून खंड झाकणे मान्य नाही. त्यानंतर कडेने फिलेट देऊन, बुडबुडे न राहतील असे दाबून, गुळगुळीत करावी.

पायरी ८. सीलंट २५ अंशांना ४० तासांत हाताला चिकटेनासा होतो आणि ७२ तासांत पक्का होतो. येथे 'सुकणे' हा रोजच्या तोंडचा शब्द मुद्दाम टाळला आहे: हा सीलंट पाणी उडून सुकत नाही, तर दोन घटकांच्या रासायनिक क्रियेने पक्का होतो, आणि वरून बोट लावून 'सुकला' म्हटले की आतला ओला भाग दाबाखाली जातो. उष्णता देता येईल, मात्र पृष्ठाचे तापमान ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. ७२ तास किंवा कार्डात मान्य असलेला उष्णता-काळ पूर्ण होईपर्यंत केबिनमध्ये दाब भरू नये. सीलंट पक्का झाल्यावर नटना पुन्हा टॉर्क देऊ नये.

पायरी ९. हत्यारांची व उरलेल्या नटांची मोजणी करून, एकही वस्तू जागेवर राहिलेली नाही याची खात्री केलीच पाहिजे.

स्वाक्षरीचे शब्द. मूळ कार्डात तीन वेगळी वाक्ये आहेत. मराठीत तिन्ही ठिकाणी 'तपासले' असे लिहिण्याचा मोह होतो, पण तसे केले की कोण कशाला जबाबदार आहे हेच पुसले जाते. म्हणून त्यांचे अर्थ पुढीलप्रमाणे स्वतंत्र ठेवले आहेत.

काम करणाऱ्याची स्वाक्षरी: 'पायरी १ ते ९ मधील काम मी स्वतः केले आहे.'

स्वतंत्र निरीक्षकाची स्वाक्षरी, पायरी ६ साठी: 'चारही नटना टॉर्क देताना मी प्रत्यक्ष उपस्थित राहून पाहिले आणि रेंचवरील मूल्य वाचले.' ही स्वाक्षरी टॉर्क देऊन झाल्यावर येऊन करता येत नाही, आणि काम करणाऱ्यानेच ती करणे मान्य नाही. निरीक्षक पोचलेला नसेल तर तिरक्या क्रमातल्या पहिल्या नटला रेंच लावू नये.

विमान सेवेत सोडणाऱ्या, सीएआर-१४५ खाली अधिकार असलेल्या परवानाधारक अभियंत्याची स्वाक्षरी: 'अन्यथा नमूद केलेले वगळता, निर्दिष्ट काम सीएआर-१४५ नुसार पार पाडले आहे, आणि त्या कामापुरते विमान सेवेत सोडण्यास तयार मानले आहे, असे प्रमाणित केले जाते.' या वाक्यातील 'त्या कामापुरते' हे शब्द कधीही गाळू नयेत. त्यांच्याशिवाय वाक्य संपूर्ण विमानाची हमी देऊ लागते, जी अभियंता देत नाही. 'तयार मानले आहे' याच्या जागी 'सुरक्षित आहे' असे लिहू नये.

कोणत्याही पायरीला स्वाक्षरी न होता पाळी संपल्यास, अपूर्ण पायरी, सीलंट मिसळल्याची वेळ आणि टॉर्क दिलेल्या नटांचे क्रमांक पाळीच्या हस्तांतर-नोंदीत लिहूनच जागा सोडली पाहिजे.