विषय: सोमवारपासून रुजू होत आहे, कामाबद्दल थोडं

मॅडम, नमस्कार.

६ आठवड्यांच्या रजेनंतर सोमवारी रुजू होत आहे. तब्येत बरीच सावरली आहे, पण डॉक्टरांनी कामाचा भार हळूहळू वाढवायला सांगितलंय. त्यामुळे पहिला महिना माझ्याकडे दोनच क्लायंट ठेवावेत आणि महिनाअखेरचं क्लोजिंग दुसऱ्या कोणाकडे द्यावं, ही विनंती.

रात्री फोन वाजला की अजूनही छातीत धडधडतं; म्हणून ७ नंतरचे मेसेज मी सकाळीच बघेन. गुरुवारी समुपदेशनासाठी साडेतीनला निघावं लागेल.

दर शुक्रवारी तुमची १५ मिनिटं मिळतील का? मागच्या वेळी झेपत नसताना मी गप्प राहिले, तिथेच बिघडलं. टीमला ‘वैद्यकीय रजा’ एवढंच सांगावं.

रजेत तुम्ही एकदाही कामाचा विषय काढला नाहीत, त्याचा फार आधार वाटला.

आपली,
सुप्रिया