सवडीने वाच

हे लगेच वाचलं नाहीस तरी चालेल. आज संध्याकाळी पुन्हा कमिटीची मीटिंग आहे, तिच्याआधी तुझ्या डोक्याला आणखी एक विषय नको. समोरासमोर बोलायला गेले की मला रडू येतं, तू माझी समजूत काढत बसतोस आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून लिहितेय.

गेल्या गुरुवारी मी तुला आईच्या मोतीबिंदूबद्दल सांगत होते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी करायचं, तिच्यापाशी कोण राहणार, एवढंच. मध्येच बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला आणि तू गॅलरीत गेलास. परत आल्यावर जेवलास, मग लॅपटॉप उघडलास. फोन घ्यायलाच हवा होता, त्याचं मला काही नाही. पण "हं, आईचं काय म्हणत होतीस?" असं विचारशील म्हणून मी ओटा आवरून झाल्यावरही बराच वेळ तिथेच रेंगाळले. शेवटी तारीख मी दादाशी बोलून ठरवली. पुढच्या बुधवारची आहे. तुला हे माहीत नाही, आणि ते मला टोचतंय.

रविवारी सकाळी आपण तलावपाळीला चक्कर मारायचो, तेही दिवाळीपासून बंद आहे. मला चालण्यापेक्षा तिथल्या गप्पांची आठवण येते.

रिडेव्हलपमेंटचं काम तू किती जीव लावून करतोस, ते मी रोज बघते. 51 टक्के संमती म्हणजे काय, घर खाली केल्यावर भाडं कोण देणार, करारात काय लिहून घ्यायचं, हे सगळं तू वरच्या मजल्यावरच्या आजींना न कंटाळता पुन्हा पुन्हा समजावलंस. मला तुझा अभिमान वाटला. आणि खरं सांगू? त्या आजींचा हेवाही वाटला. त्यांच्याशी बोलताना तुझा फोन खिशात होता.

तू मुद्दाम करतोस असं माझ्या मनातही नाही. सेक्रेटरीपद सोड असंही म्हणत नाही. या कामाला कुणीतरी हवंच होतं आणि तू ते नीट करतोयस. मला फक्त सध्या एकटं वाटतं. घरात दोघं असून दिवसभरातलं काही सांगायचं असलं, तर मी आधी तुझा चेहरा बघून अंदाज घेते आणि बरेचदा गप्प बसते.

दोन गोष्टी हव्यात. जेवताना अर्धा तास फोन आतल्या खोलीत ठेवूया, माझाही. आणि या रविवारी तलावपाळी. मीटिंग असेल तर सकाळी सहालाच निघू, मी चहाचा थर्मास भरून घेते.

तुझ्याही मनात काही साठलं असेल, माझ्याबद्दलसुद्धा. तेही ऐकायचंय. आज रात्री दमून येशील, आज नको. शनिवारी बोलूया का? आणि बुधवारी हॉस्पिटलमध्ये तू सोबत आलास तर मला फार बरं वाटेल. सकाळी नऊला पोचायचंय.