इलेक्ट्रिक केटल, १.५ लिटर, १५०० वॉट, दुहेरी भिंत, आतून स्टेनलेस स्टील, काळी

बुलेट

• उकळी आली की आपोआप बंद: वाफ मागच्या फटीतून स्विचजवळच्या धातूच्या चकतीपर्यंत जाते, चकती तापून वळते आणि स्विच पडतो. म्हणून झाकण पूर्ण बंद असायलाच हवे. ते उघडे राहिले तर वाफ वरून निघून जाईल आणि केटल उकळतच राहील.

• दीड लिटर, सहा-साडेसहा मिनिटांत: २५ अंश तापमानाचे पाणी पूर्ण भरले तर एवढा वेळ लागतो, एक-दोन कपांना बराच कमी. २३० व्होल्टवर केटल सुमारे साडेसहा अँपिअर वीज घेते, त्यामुळे १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा.

• बाहेरून हाताला चटका नाही: आत स्टील, बाहेर प्लास्टिक, मध्ये हवेची पोकळी. तोटी आणि झाकणाची कड मात्र तापते.

• रिकामी सुरू झाली तर वीज तोडते: तळाखालचा दुसरा कटआउट त्यासाठीच आहे. थंड होऊ द्या, मग पाणी भरा.

• फक्त पाण्यासाठी: दूध, सूप किंवा चहापत्ती आत उकळू नका, दूध तळाला करपते आणि उतू जाऊन स्विचमध्ये शिरते. क्षारांचा पांढरा थर सायट्रिक अॅसिडच्या पाण्याने निघतो. बेस पाण्यात बुडवू नये.

बॅकएंड, सर्च टर्म्स

```
किटली केटली विजेची पाणी गरम उकळणे हॉस्टेल चहा कॉफी kitli ketli pani garam chaha coffee water boiler hostel cordless
```

अपलोड करणाऱ्यासाठी

वरची ओळ १९९ बाइटची आहे, मर्यादा २५०. देवनागरीत प्रत्येक अक्षराला ३ बाइट लागतात, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. अक्षरे मोजून 'अजून जागा आहे' म्हणू नका. स्वल्पविराम घालू नका, जागा फुकट जाते. शीर्षकातले शब्द इथे परत नकोत.

'थर्मास' मुद्दाम गाळला आहे. दुहेरी भिंत पाहून तो घालावासा वाटेल, पण ही केटल पाणी तासन्‌तास गरम ठेवत नाही. त्या शब्दावरून आलेला ग्राहक वस्तू परत पाठवेल आणि एक तारा देऊन जाईल. 'प्रवास'ही नको, दीड लिटरची केटल कोण बॅगेत घालणार! दुसऱ्या कंपनीचे नाव तर अजिबात नको, ते नियमातच बसत नाही.

'चहा' ठेवला आहे, कारण शोधणारे तोच शब्द टाइप करतात. मात्र त्यामुळेच पाचवा बुलेट कापायचा नाही. जागा कमी पडली तर तिसरा छोटा करा. आणि पाचव्या फोटोत केटलीत दूध ओततानाचे चित्र आहे, ते आधी काढा.