एका वर्षाचा रिफंड दुसऱ्या वर्षाच्या मागणीत वळता करून मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. आयकर अधिकारी,
आयकर कार्यालय, सांगली.

अर्जदार : रघुनाथ धोंडीबा सुतार, सेवानिवृत्त मुख्याध्यापक (जिल्हा परिषद प्राथमिक शाळा), रा. तासगाव, जि. सांगली. पॅनकार्डाची साक्षांकित प्रत जोडली आहे.

विषय : कर निर्धारण वर्ष २०२३-२४ चा प्रलंबित रिफंड रु. २९,८२०/- हा कर निर्धारण वर्ष २०२२-२३ च्या मागणीत (रु. २८,६४०/-) आयकर अधिनियम १९६१ च्या कलम २४५ प्रमाणे वळता करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) कर निर्धारण वर्ष २०२२-२३ ची कलम १४३(१) खालील सूचना, दि. १४ डिसेंबर २०२२
२) कलम २४५ खालील प्रस्तावित समायोजनाची सूचना, दि. ८ सप्टेंबर २०२३
३) कर निर्धारण वर्ष २०२३-२४ ची कलम १४३(१) खालील सूचना, दि. १९ सप्टेंबर २०२३

महोदय / महोदया,

मी ३१ मे २०१७ रोजी सेवानिवृत्त झालो. निवृत्तिवेतन आणि ठेवींवरचे व्याज एवढेच माझे उत्पन्न आहे. आजवर कराचा एक रुपया मी मुद्दाम थकवलेला नाही. तरीही गेली अडीच वर्षे माझ्या नावावर रु. २८,६४०/- ची थकबाकी दिसते, आणि त्याच वेळी माझेच रु. २९,८२०/- विभागाकडे अडकून आहेत. कागद लावून पाहिल्यावर लक्षात आले की यातले रु. २८,६४०/- दोन्हीकडे एकच आहेत. या अर्जात तेच मांडतो आहे.

आर्थिक वर्ष २०२१-२२ मध्ये माझ्या पोस्टातल्या राष्ट्रीय बचतपत्रांची मुदत पुरी झाली. त्या व्याजावर टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे विवरणपत्र भरताना रु. २८,६४०/- स्वयंनिर्धारण कर निघाला. तो मी २७ जुलै २०२२ रोजी, म्हणजे विवरणपत्र भरण्याच्या तीन दिवस आधी, ऑनलाइन भरला. चूक झाली ती तिथेच. चलनात कर निर्धारण वर्ष निवडायचे होते २०२२-२३. चालू आर्थिक वर्ष २०२२-२३ आहे, म्हणजे निर्धारण वर्ष त्याच्या पुढचे, असा हिशोब मनात धरून मी २०२३-२४ निवडले. पैसे खात्यातून गेले, पावती आली, ती मी फाइलला लावली. पावतीवर रक्कम, तारीख, माझे नाव सगळे बरोबर होते. वर्षाची ओळ मी वाचलीच नाही.

पुढचे सगळे या एका ओळीतून झाले. ३० जुलै २०२२ रोजी भरलेल्या विवरणपत्रात मी या चलनाचा तपशील दिला होता, पण ते चलन त्या वर्षाच्या खात्यावर नसल्याने त्याची वजावट मिळाली नाही आणि संदर्भ क्र. १ च्या सूचनेने बरोबर तेवढ्याच रकमेची मागणी निघाली. मी ज्येष्ठ नागरिक असून माझे धंद्याचे उत्पन्न नाही. कलम २०७(२) प्रमाणे मला आगाऊ कर लागू नाही, म्हणून कलम २३४ब व २३४क चे व्याज त्यात आलेले नाही. मागणीचा आकडा चलनाच्या आकड्याशी रुपयाने जुळतो, तो यामुळेच.

पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२३ रोजी, कर निर्धारण वर्ष २०२३-२४ चे विवरणपत्र भरले तेव्हा भरलेल्या करांच्या रकान्यात रु. २८,६४०/- आधीच आलेले होते. ते मी तसेच राहू दिले. रिफंड एवढा कसा निघतो, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. टीडीएसचे जास्तीचे रु. १,१८०/- आणि हे रु. २८,६४०/- मिळून रु. २९,८२०/- रिफंड निघाला, आणि संदर्भ क्र. ३ च्या सूचनेत तो मान्यही झाला.

दरम्यान संदर्भ क्र. २ ची सूचना आली होती, की हा रिफंड आधीच्या वर्षाच्या मागणीत वळता करण्याचा प्रस्ताव आहे. त्या वेळी मी विभागाच्या संकेतस्थळावर “Response to Outstanding Demand” मध्ये जाऊन १२ सप्टेंबर २०२३ रोजी “Disagree with demand” असे उत्तर दिले आणि कर आधीच भरलेला असल्याचे कारण देऊन त्याच चलनाचा तपशील टाकला. माझ्या हातात रु. २८,६४०/- ची पावती होती आणि मागणीही रु. २८,६४०/- ची होती. भरलेला कर पुन्हा मागत आहेत, असेच मला प्रामाणिकपणे वाटले. माझ्या या उत्तरामुळे समायोजन थांबले. रिफंड तिकडे राहिला, मागणी इकडे राहिली.

यंदा जूनमध्ये माझी पुतणी, जी हिशोबाचे काम करते, तिने चलनाची पावती, २०२२-२३ चा फॉर्म २६एएस आणि २०२३-२४ चे वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस शेजारी शेजारी ठेवले. २०२२-२३ च्या फॉर्म २६एएसमध्ये ते चलन कुठेच नव्हते. २०२३-२४ च्या एआयएसमध्ये ते २७ जुलै २०२२ या तारखेने होते. तेव्हा कुठे मला माझी चूक कळली.

चलनातले वर्ष दुरुस्त करून द्या, अशी विनंती मी करत नाही. ती मुदत तर केव्हाच टळली आहे, शिवाय त्या चलनाची वजावट कर निर्धारण वर्ष २०२३-२४ मध्ये घेऊन झाली आहे. आता चलन हलवले तर त्या वर्षाचा निर्णयही बदलावा लागेल. त्यापेक्षा रिफंड मागणीत वळता करणे हा सरळ मार्ग आहे, आणि कलम २४५ ने तो अधिकार आपल्याला दिलेला आहे.

म्हणून मी या अर्जाद्वारे स्पष्टपणे लिहून देतो की कर निर्धारण वर्ष २०२२-२३ ची रु. २८,६४०/- ची मागणी मला मान्य आहे. १२ सप्टेंबर २०२३ चे असहमतीचे उत्तर मी मागे घेत आहे. संकेतस्थळावर ११ ऑगस्ट २०२५ रोजी “Demand is correct” असे नवे उत्तर नोंदवले आहे. एकदा मागणी मान्य केली की नंतर नाकारता येत नाही, हे वाचूनच मी ते नोंदवले. या मागणीविरुद्ध माझे कोणतेही अपील किंवा कलम १५४ खालील दुरुस्तीचा अर्ज प्रलंबित नाही. कलम २४५ प्रमाणे समायोजनापूर्वी द्यावयाच्या लेखी सूचनेवर माझी काहीही हरकत असणार नाही. हे पत्र माझी लेखी संमती म्हणून धरावे.

आता व्याजाविषयी. माझी कळकळीची विनंती इथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

संदर्भ क्र. १ ची सूचना १४ डिसेंबर २०२२ ची. तीस दिवसांची मुदत १३ जानेवारी २०२३ ला संपली. तिथून कलम २२०(२) प्रमाणे दरमहा एक टक्का, म्हणजे रु. २८,६००/- वर महिन्याला रु. २८६/- व्याज. १९ सप्टेंबर २०२३ रोजी रिफंड निश्चित झाला, त्या तारखेपर्यंत अपुरा महिना पूर्ण धरून नऊ महिने होतात आणि व्याज रु. २,५७४/- होते. आजच्या तारखेपर्यंत मोजले तर बत्तीस महिने आणि रु. ९,१५२/- होतात. फरक रु. ६,५७८/- चा आहे. माझ्यासारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही.

पहिल्या नऊ महिन्यांचे व्याज मला मान्य आहे. वर्ष चुकीचे मी निवडले, त्याची भरपाई मी करीन. पण १९ सप्टेंबर २०२३ पासून मागणीपेक्षा मोठी रक्कम, विभागानेच मान्य केलेली, विभागाकडेच आहे. त्या दिवसानंतर सरकारचे येणे प्रत्यक्षात बाकी राहिले नव्हते, फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात लिहायचे राहिले होते. म्हणून समायोजन त्या तारखेपासून झाले असे धरावे, ही विनंती. त्या तारखेनंतर ते थांबले ते माझ्या उत्तरामुळे, हे मी मान्य करतो. त्यामुळे तेव्हापासूनच्या काळाचे कलम २४४अ खालील रिफंडवरचे व्याज मी मागत नाही. करदात्यामुळे झालेला उशीर त्या व्याजातून वगळण्याची तरतूद उपकलम (२) मध्ये आहेच. त्या काळाचे व्याज मी घेणार नाही, तसेच त्या काळाचे व्याज माझ्यावरही लावू नये.

असे धरल्यास हिशोब असा होतो : रिफंड रु. २९,८२०/- मधून मूळ मागणी रु. २८,६४०/- गेल्यावर रु. १,१८०/- उरतात. ते कलम २२०(२) च्या रु. २,५७४/- मध्ये घातले की माझ्याकडे रु. १,३९४/- येणे राहते. १९ सप्टेंबर २०२३ पर्यंतचे कलम २४४अ चे व्याज माझ्या मोजणीने तीनशे रुपयांच्या घरात आहे. ते यातून वजा व्हावे. आकड्यात कमीजास्त असल्यास कार्यालयाचा हिशोब मला मान्य राहील. उरलेली रक्कम लेखी कळवल्यापासून आठ दिवसांत मी भरीन, आणि चलनात कर निर्धारण वर्ष २०२२-२३ च आहे याची खात्री करूनच भरीन.

आणखी एक. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र मी ४ ऑगस्ट २०२५ रोजी भरले असून त्यात रु. ६,३१०/- रिफंड अपेक्षित आहे. जुनी मागणी उभी राहिली तर हा रिफंडही तिच्याकडे वळेल आणि मग तीन वर्षांचे आकडे एकमेकांत अडकतील. पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही ही रक्कम धरून चाललो आहोत. मागणी कर निर्धारण वर्ष २०२३-२४ च्या रिफंडातूनच भागते, तेव्हा कृपया त्यातूनच भागवावी.

तरी माझी विनंती, की मागणी बरोबर असून मला मान्य असल्याचे आपल्या कार्यालयाकडून बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला कळवावे, वरीलप्रमाणे समायोजन करावे, आणि कोणत्या तारखेला किती रक्कम मागणीत व किती व्याजात गेली याचा लेखी आदेश मला द्यावा. संकेतस्थळावरची थकबाकी त्याप्रमाणे शून्य व्हावी. काही कागद किंवा मूळ पावती पाहायची असल्यास कळवावे. कामाच्या कोणत्याही दिवशी मी स्वतः घेऊन येईन.

आपला विश्वासू,

(सही)
रघुनाथ धोंडीबा सुतार
तासगाव

सोबत : पॅनकार्डाची प्रत; २७ जुलै २०२२ च्या चलनाची पावती; संदर्भातील तिन्ही सूचनांच्या प्रती; कर निर्धारण वर्ष २०२२-२३ चा फॉर्म २६एएस व २०२३-२४ चे एआयएस (चलनाच्या नोंदीखाली रेघ मारली आहे); १२ सप्टेंबर २०२३ व ११ ऑगस्ट २०२५ च्या उत्तरांच्या पोचपावत्या; बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत.