मनगटावरचे स्मार्टवॉच : जिममधील वास्तवदर्शी छायाचित्रासाठी प्रॉम्प्ट

खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रासारखे दिसणारे एक उभे चित्र तयार करावे. रुंदी आणि उंची यांचे प्रमाण ४:५ असावे. चित्राचा विषय एकच आहे : पुण्यातील एका साध्या, वापरात असलेल्या जिममध्ये दोन सेटच्या मध्ये बाकावर बसून आपल्या हृदयाचे ठोके पाहणाऱ्या स्त्रीचे डावे मनगट आणि त्यावरचे स्मार्टवॉच. चेहरा दिसणार नाही. हे चित्र आरोग्यविषयक मराठी मासिकात 'व्यायाम करताना नाडीचा वेग कसा वाचावा' या लेखासोबत मोठ्या आकारात छापले जाणार आहे आणि तेच मोबाईलवर अंगठ्याएवढ्या आकारातही दिसणार आहे. त्यामुळे घड्याळावरचा मुख्य आकडा दोन्ही ठिकाणी पहिल्या नजरेत वाचता आला पाहिजे. चित्र सुंदर असले, पण आकडा वाचता येत नसला, तर ते या लेखाच्या कामाचे नाही.

कॅमेऱ्याची नजर म्हणजे त्या स्त्रीचीच नजर आहे, असे धरावे. तिने डावा हात कोपरात वाकवून छातीसमोर आडवा धरला आहे आणि ती खाली पाहते आहे. म्हणून चित्रात कोपराकडचा भाग डावीकडून आत येतो, हाताचा पंजा उजवीकडे असतो आणि घड्याळाचा पट्टा वरून खाली जातो. तळहात जमिनीकडे आहे, त्यामुळे अंगठा चित्राच्या खालच्या बाजूला, म्हणजे शरीराकडे, असला पाहिजे आणि करंगळी वरच्या बाजूला. मूठ सैल मिटलेली असावी. बोटांची पेरे उजव्या कडेला अर्धवट कापली गेली तरी चालेल. उलट ती तशीच कापावीत, कारण लक्ष मनगटावरच राहायला हवे. हात पूर्ण आडवा न ठेवता कोपराकडून पंजाकडे किंचित चढता, साधारण दहा अंशांनी तिरपा असावा. दुसरा हात चित्रात नको.

घड्याळ मनगटाच्या हाडावर बसवू नये. करंगळीच्या बाजूला जे गोल हाड वर येते, त्याच्यापासून बोटभर अंतर सोडून, कोपराच्या दिशेला घड्याळ बांधलेले असावे. हृदयाचे ठोके मोजणाऱ्या घड्याळाची व्यायामातली योग्य जागा तीच, आणि लेखातही हेच सांगितले आहे. म्हणजे चित्रात ते हाड घड्याळाच्या उजवीकडे आणि थोडे वर दिसेल. पट्टा घट्ट आहे, पण रुतलेला नाही. त्याच्या कडेपाशी त्वचा अगदी किंचित दबलेली दिसावी. घड्याळाच्या तळातील सेन्सर हिरवा प्रकाश सोडतो, मात्र पट्टा नीट बांधलेला असताना तो बाहेर जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे घड्याळाभोवती किंवा त्वचेवर हिरवे तेजोवलय काढू नये.

घड्याळाची चौकट आयताकृती, गोलसर कोपऱ्यांची, गडद राखाडी रंगाच्या अॅल्युमिनियमची आणि बिनचकाकीची असावी. पंजाकडच्या, म्हणजे उजव्या बाजूला एक गोल चावी असावी आणि तिच्या कडेवरच्या बारीक खाचा दिसाव्यात. काच कडेला जराशी गोलावलेली असावी. कोणत्याही कंपनीचे नाव, चिन्ह किंवा अक्षर चौकटीवर, पट्ट्यावर अथवा पडद्यावर नको.

पडद्याची पार्श्वभूमी पूर्ण काळी आहे. त्यावर पुढील तीनच आकडे, अगदी याच रूपात असावेत :

```
7:25
132
18:40
```

वरच्या उजव्या कोपऱ्यात लहान अक्षरांत `7:25` ही वेळ, मध्यभागी सर्वांत मोठ्या आकारात `132` हा ठोक्यांचा आकडा आणि खाली मध्यभागी `18:40` हा व्यायाम सुरू झाल्यापासूनचा कालावधी. `132` च्या डावीकडे हृदयाचे एक लहान, भरीव, लाल चिन्ह. आकड्यांचे वळण साधे, सरळ, जाड आणि सारख्या रुंदीचे; रंग पांढरा, वेळेचा मात्र फिका राखाडी. मुख्य आकड्याची उंची पडद्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाएवढी असावी आणि त्याच्या चारही बाजूंना मोकळी काळी जागा राहावी. पडद्यावर एकही शब्द नको, मराठीही नाही आणि इंग्रजीही नाही : एवढ्या लहान आकारात अक्षरे हमखास विस्कटतात, आणि एक विस्कटलेले अक्षर दिसले की शेजारच्या बरोबर आकड्यावरचाही वाचकाचा विश्वास उडतो. कॅलरींचा आकडाही जाणीवपूर्वक वगळला आहे, कारण मनगटावरची उपकरणे तो अंदाजाने काढतात आणि त्यांच्या ठोक्यांच्या मोजणीइतका तो भरवशाचा नसतो.

`18:40` च्या खाली पाच तुकड्यांची एक बारीक आडवी पट्टी असावी. डावीकडून तिसरा तुकडा हिरवा उजळलेला आणि बाकीचे चार मंद राखाडी. ही निवड शोभेसाठी नाही. स्त्रीचे वय साधारण ४२ धरले आहे. २२० मधून वय वजा करण्याच्या प्रचलित ठोकताळ्याने तिच्या हृदयाची कमाल गती मिनिटाला १७८ ठोके येते आणि १३२ हे तिच्या सुमारे ७४ टक्के होतात, म्हणजे व्यायामाच्या तीव्रतेच्या पाच टप्प्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांचा तिसरा टप्पा. लेख वाचून जो वाचक हे गणित करून पाहील, त्याला चित्रातही तेच उत्तर मिळाले पाहिजे. वेळ 10:10 किंवा 10:09 करू नये. घड्याळांच्या जाहिरातींत ती नेहमी दिसते, म्हणून चित्रात आपोआप येण्याची शक्यता आहे; येथे सकाळचे सव्वासात उलटून दहा मिनिटे झाली आहेत आणि खिडकीतला प्रकाशही त्याच वेळेचा आहे.

पडदा हातासोबतच तिरपा आहे, म्हणून आकडेही काचेच्या प्रतलातच, त्याच तिरक्या कोनात बसलेले दिसावेत. वरून चिकटवल्यासारखे सरळ नकोत. पडद्याची उजळणी खोलीतल्या प्रकाशाशी जुळती असावी. पांढरे आकडे स्वच्छ, पण जळालेले नकोत. त्यांच्या कडांना झळाळी नको. दिवसाच्या उजेडात एवढ्याशा पडद्याचा प्रकाश हातावर पसरत नाही, तेव्हा त्वचेवर निळसर किंवा पांढरी छटा पाडू नये.

पट्टा सिलिकॉनचा, पिकल्या जांभळाच्या सालीसारखा गडद आणि बिनचकाकीचा. त्याचा पोत हा या चित्राचा दुसरा महत्त्वाचा भाग आहे, म्हणून तो जवळून पाहावा. पृष्ठभागावर रुंदीच्या दिशेने अगदी उथळ, समांतर रेघा आहेत आणि तिरपा प्रकाश पडल्याने प्रत्येक रेघेची एक कड उजळ व दुसरी सावलीत आहे. पट्टा चौकटीला जिथे जोडला आहे, तिथली बारीक फट आणि तिच्यातली सावली दिसली पाहिजे. मनगटाच्या वळणावर पट्टा जसा पलीकडे वळतो, तशा रेघाही जवळ जवळ येत गेल्या पाहिजेत. सपाट कापडावरच्या नक्षीसारख्या एकाच अंतरावर राहिल्या, तर पट्टा खोटा वाटतो. खालच्या, शरीराकडच्या भागात दोन लंबगोल भोके दिसावीत. सिलिकॉनला धूळ आणि टॉवेलचे तंतू चिकटतात, म्हणून एकदोन बारीक पांढरे तंतू आणि वापराने आलेला हलका तुकतुकीतपणा कडांवर असू द्यावा. पट्टा मळलेला मात्र दिसू नये.

त्वचा गव्हाळ, नैसर्गिक आणि बिनरंगरंगोटीची. रोमरंध्रे, हाताच्या मागच्या बाजूची बारीक लव, मनगटाच्या सांध्यावरच्या सुरकुत्या आणि व्यायामाने किंचित फुगलेली एखादी शीर, हे सारे दिसावे. घाम आहे, पण अठरा मिनिटांच्या व्यायामाइतकाच : त्वचेवर ओलसर चमक आणि पट्ट्याच्या कडेला तीनचार सूक्ष्म थेंब. मोत्यांसारख्या मोठ्या थेंबांची रास नको. त्वचा मेणासारखी गुळगुळीत करू नये. हातात बांगडी, अंगठी किंवा धागा नको. नखे आखूड आणि बिनरंगाची. चित्राच्या डाव्या कडेला फिक्या राखाडी सुती टी-शर्टच्या बाहीची कड येऊ शकते.

प्रकाश दोन ठिकाणांहून येतो आणि चित्राचा खरेपणा त्यांच्या मिश्रणावर अवलंबून आहे. महिना जानेवारी, सूर्य नुकताच वर आलेला. वरच्या डाव्या बाजूला पूर्वेकडची दुधी काचेची मोठी खिडकी आहे आणि तिच्यातून उबदार, मऊ, तिरपा प्रकाश हातावर येतो. मुख्य प्रकाश हाच. छतावरच्या एलईडी ट्यूबलाइटचा थंड पांढरा प्रकाश वरून सगळीकडे सारखा पसरलेला आहे आणि तो सावल्या भरून काढतो. त्यामुळे घड्याळाची सावली उजवीकडे खाली, मऊ कडेची आणि आतून किंचित निळसर पडेल. त्वचेचा खिडकीकडचा भाग थोडा पिवळसर आणि पलीकडचा तटस्थ दिसेल. हा फरक सूक्ष्मच असावा. निऑन दिवे, जांभळे-निळे झोत, धूर आणि प्रकाशाचे किरण यांतले काहीही नको. आपल्या शहरांतल्या बहुतेक जिममध्ये सकाळी असा प्रकाश नसतो आणि वाचकाला ते लगेच कळते. काचेवर ट्यूबलाइटचे एकच अरुंद, फिके प्रतिबिंब असावे आणि ते पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापुरतेच राहावे. कोणत्याही आकड्यावरून ते जाऊ नये.

पार्श्वभूमी धूसर, पण ओळखता येण्याजोगी. खाली रंगीत ठिपक्यांची काळी रबरी फरशी, मागे डंबेलच्या रॅकचा आकार आणि बाकाच्या काळ्या रेक्झिनची एक कड. डंबेलवर आकडे नकोत, नाहीतर ते पडद्यावरच्या आकड्यांशी स्पर्धा करतील. आरसा अजिबात नको. जिममध्ये तो असतो हे खरे, पण त्यातले चुकीचे प्रतिबिंब संपूर्ण चित्र बिघडवते. मागे दुसरी माणसे नकोत. चित्राचा वरचा एक चतुर्थांश भाग शांत आणि गडद राहावा, कारण लेखाचे शीर्षक तिथे येणार आहे.

छायाचित्र ९० मिमीच्या मॅक्रो लेन्सने, एफ ८ छिद्रावर, १/१०० सेकंदाच्या वेगाने आणि आयएसओ १६०० ठेवून घेतल्यासारखे दिसावे. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. या वेगाला चित्रावर आडवे पट्टे येत नाहीत आणि ते येथेही दिसू नयेत. संपूर्ण पडदा आणि पट्ट्याचा वरचा भाग एकसारखा सुस्पष्ट, त्यापलीकडे हळूहळू धूसरता. सावल्यांत अगदी हलका दाणा चालेल. रंग भडक करू नयेत. घड्याळ चित्राच्या मध्यापासून किंचित खाली असावे आणि त्याच्या चौकटीने चित्राच्या उंचीचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापावा.

सगळ्या सूचना एकाच वेळी साधत नसतील, तर प्राधान्य या क्रमाने द्यावे : आधी तिन्ही आकडे अचूक, मग हात आणि घड्याळ यांची बसण योग्य, मग प्रकाश, मग पट्ट्याचा पोत, आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. चार चित्रे द्यावीत. चारही चित्रांत पडदा, पट्टा आणि हाताची ठेवण तीच राहावी. फक्त खिडकीच्या प्रकाशाची तीव्रता पहिल्या चित्रापासून चौथ्यापर्यंत थोडी थोडी वाढत जावी.