घर रिकामं केल्यावर डिपॉझिट परत मिळण्याबाबत

दि. 8 जून 2026
देवपूर, धुळे

आदरणीय नाना,
पिंप्राळा, जळगाव

नमस्कार. तुम्ही आणि काकू बरे असाल. फोनवर बोलणं होतं पण विषय तिथंच राहतो, म्हणून या वेळी नीट लिहूनच पाठवतेय. हेच पत्र व्हॉट्सॲपवरही टाकतेय आणि स्पीड पोस्टानेही पाठवतेय, म्हणजे दोघांकडे कागद राहील.

तुमच्या पिंप्राळ्याच्या घराचा वरचा मजला आम्ही 1 जुलै 2024 पासून भाड्याने घेतला होता. ॲग्रीमेंट माझ्या नावावर आहे, पहिलं 11 महिन्यांचं आणि मग 1 जून 2025 पासून दुसरं 11 महिन्यांचं, ते 30 एप्रिल 2026 ला संपलं. डिपॉझिट 30,000 रुपये, त्यातले 10,000 तुमच्या हातात रोख आणि 20,000 फोनवरून. दुसऱ्या ॲग्रीमेंटमध्ये भाडं साडेसात हजारांचं आठ हजार झालं पण डिपॉझिट तेच पुढे चालू ठेवलं, आणि दोन्ही ॲग्रीमेंट रजिस्टर केलेली आहेत त्यामुळे आकड्याबद्दल आपला काही वाद नाहीच.

यांची धुळ्याला बदली झाली हे आम्ही मार्चमध्येच, 28 तारखेला तुम्हाला मेसेज करून कळवलं होतं आणि घरी येऊनही सांगितलं होतं. एप्रिलचं भाडं वेळेवर दिलं. 30 एप्रिलला सामान टेम्पोत भरून झाल्यावर काकूंना सोबत घेऊन मी सगळ्या खोल्या दाखवल्या, नळ सुरू करून दाखवले, पंखे लावून दाखवले, मीटरचा फोटो त्यांच्यासमोरच काढला आणि दोन्ही चाव्या त्यांच्या हातात दिल्या. तेव्हा तुम्ही लग्नाला भुसावळला गेलेले, फोनवर म्हणालात की आठ-दहा दिवसात टाकतो.

त्यानंतर मे महिना पूर्ण गेला. यांनी फोन केला की तुम्ही "देतो ना भो" म्हणता, पण मागच्या वेळी तुम्ही सांगितलं की नवीन भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून देतो. नाना, हे मला पटलं नाही. नवीन माणूस कधी येईल ते तुमच्याही हातात नाही आणि माझ्या तर नाहीच नाही. ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय की घराचा रिकामा ताबा दिल्यावर थकबाकी वजा करून डिपॉझिट बिनव्याजी परत करायचं, त्यात दुसऱ्या भाडेकरूचा काही संबंध नाही. ती रक्कम तुमच्याकडे ठेव म्हणून होती.

आता कपातीचं. शेवटच्या वेळी तुम्ही म्हणालात की रंगाचे आणि कूलरने खराब झालेल्या भिंतीचे मिळून बारा हजार कापावे लागतील. यावर मला सविस्तर सांगायचंय कारण ही रक्कम लहान नाही.

मधल्या खोलीच्या गॅलरीकडच्या भिंतीवर वरच्या कोपऱ्यात जो पिवळसर डाग आहे, जिथे पोपडे सुटलेत, तो आम्ही राहायला आलो तेव्हाही होता. सामान लावायच्या आधी मी सगळ्या खोल्यांचे फोटो काढून त्याच दिवशी तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवले होते, ते आजही आपल्या चॅटमध्ये आहेत, वर जाऊन बघा. तेव्हा तो हाताच्या पंजाएवढा होता, पावसाळ्यात वाढत जातो. त्याच्या बरोब्बर वर गच्चीवरची टाकी आहे आणि टाकी भरून वाहिली की पाणी त्याच बाजूने उतरतं, हे मी तुम्हाला पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं होतं आणि तुम्ही प्लंबरला आणून व्हॉल्व्ह बदलून पण दिला होता. कूलर तर आमचा गॅलरीत लोखंडी स्टँडवर होता, भिंतीपासून हातभर लांब. जळगावच्या मे महिन्यात कूलरशिवाय कोण राहू शकतं नाना, पण त्याचं पाणी खाली गॅलरीच्या जाळीत जायचं, वर छताच्या कोपऱ्यात कसं पोचणार?

राहिला रंग. जवळजवळ दोन वर्षं माणसं राहिली, स्वयंपाक झाला, लहान मूल वाढलं, तर रंग थोडा मळकट होणारच. ही वापराने होणारी झीज आहे, मोडतोड नाही, आणि ॲग्रीमेंटमध्येही साधारण वापराची झीज सोडून झालेलं नुकसान असंच लिहिलंय. काही मोडलं असेल, फुटलं असेल तर दाखवा, फोटो आणि खर्चाची पावती पाठवा, मी नक्की विचार करीन. तोंडी आकड्यावर मात्र मला कपात मान्य नाही.

लाइटबिल मात्र माझ्याकडे निघतं. एप्रिलच्या वापराचं महावितरणचं बिल आम्ही निघाल्यावर आलं, काकूंनी मला फोटो पाठवला, मीटरच्या रीडिंगशी मी जुळवून पाहिलं, 1,180 रुपये होतात. ते तुम्ही भरलंय, म्हणून ते वजा करा. म्हणजे 28,820 रुपये मला येणं आहे.

ही रक्कम बुधवार, 24 जून 2026 पर्यंत द्यावी ही विनंती. पंधरा दिवसांच्या वर वेळ आहे, सगळे एकदम जमत नसतील तर अर्धे या आठवड्यात आणि उरलेले 24 पर्यंत दिले तरी माझी हरकत नाही, फक्त तसं मेसेजमध्ये लिहून कळवा. ज्या नंबरवरून दर महिन्याला भाडं यायचं त्याच नंबरवर टाका किंवा माझ्या नावाचा चेक द्या. पैसे मिळाल्याची पोच मी लगेच सही करून पाठवीन.

घाई का करतेय तेही सांगते. धुळ्याच्या घराचं डिपॉझिट मी पारोळ्याच्या माझ्या भावाकडून घेऊन भरलंय. त्याची कोरडवाहू शेती आहे, मृग लागला, पाऊस पडला की त्याला कापसाचं बियाणं आणि खत घ्यायला पैसे लागतील आणि ते मला त्याच्या हातात द्यायचेत. तुमच्याकडचे पैसे पण मी ब्लाऊज शिवून साठवलेले आहेत.

24 तारखेपर्यंत पैसे किंवा लेखी उत्तर आलं नाही तर मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करीन. तिथे 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोक अदालतीत समोरासमोर बसून मिटवता येतं. हे मी धाक दाखवायला लिहीत नाही, पुढे मी काय करणार ते तुम्हाला आधी माहीत असावं म्हणून लिहितेय.

आपले संबंध चांगले राहिलेत. कानबाईच्या जागरणाला मी रात्रभर काकूंसोबत बसलेय, माझी पोरगी तापाने फणफणली तेव्हा तुम्हीच गाडी काढली होती, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच हे तुमच्या-माझ्यातच मिटावं असं मनापासून वाटतं.

सोबत दोन्ही ॲग्रीमेंटच्या झेरॉक्स, 20,000 पाठवल्याचा स्क्रीनशॉट, राहायला आलो तेव्हाचे आणि सोडतानाचे भिंतीचे फोटो, मीटरचा फोटो आणि लाइटबिल जोडलंय.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
सौ. वैशाली चौधरी
(पिंप्राळ्याच्या घरातली वरच्या मजल्यावरची भाडेकरू)