सतरा आणि बावीस

रात्री सव्वाबाराला कॅज्युअल्टीतून फोन आला: लॅबचे रिपोर्ट स्क्रीनवर येत नाहीत. सागर जिना चढून तिसऱ्या मजल्यावरच्या रॅकपाशी पोचला. दार उघडताच केबलींचा गुंता अंगावर आला. निळ्या, करड्या, पिवळ्या, एकीवरही लेबल नाही.

लॅपटॉप जोडून त्याने सर्व्हरला पिंग केलं. `Request timed out.`

वीज होती, स्विच चालू होता. पण दिवे विचित्र होते. एरवी प्रत्येक पोर्ट आपापल्या लयीत लुकलुकतो, आज सगळे एकदम, वेड्यासारखे. त्याने शिंदेदादांना फोन लावला.

"दादा, सगळे दिवे एकसाथ लुकलुकतायत."

"लूप आहे. एकच केबल दोन्ही टोकांनी त्याच स्विचमध्ये गेलीय. दिसेल ती उपटू नकोस, आयसीयूची लाइन तिथूनच जाते. हाताने माग काढ."

सतराव्या पोर्टची पिवळी केबल चिमटीत धरून तो पुढे सरकला. ती पॅच पॅनेलमागे गेली, पॉवर केबलींच्या जुडग्याखाली दबली. टॉर्च दातांत धरून त्याने बोटं आत घातली, केबल हलकेच ओढली. बाविसाव्या पोर्टचा प्लग हलला.

त्याने तो काढला. दिव्यांची लय सुटी झाली.

`Reply from 192.168.1.10: bytes=32 time<1ms TTL=64`

"आलं, दादा!"

"आता स्विचवर स्पॅनिंग ट्री चालू कर, म्हणजे असा लूप झाला तरी स्विच स्वतःच तो तोडेल. मग कॅज्युअल्टीत स्वतः जाऊन सिस्टरांना विचार, रिपोर्ट दिसतोय का."